निर्णयपत्रातील ‘करावे’ : अनिवार्य दुरुस्ती आणि ऐच्छिक सूचना

संशोधनपर नियतकालिकाकडे आलेला निबंध संपादक त्या विषयाच्या दोन किंवा तीन जाणकारांकडे परीक्षणासाठी पाठवितात. त्यांचे अभिप्राय हाती आल्यावर निबंधकाराला जे पत्र जाते त्यास निर्णयपत्र म्हणतात. या पत्रात निबंध सरळ स्वीकारला अथवा नाकारला जाण्यापेक्षा ‘दुरुस्तीनंतर पुन्हा विचार करू’ असे कळविले जाणे अधिक सामान्य आहे. पत्रासोबत परीक्षकांचे अभिप्राय जोडलेले असतात, आणि त्यांत वीस-बावीस सूचना असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. यांपैकी कोणत्या सूचना अमलात आणल्यावाचून निबंध छापला जाणार नाही आणि कोणत्या केवळ सद्भावनेने केलेल्या आहेत, हे निबंधकाराला पत्रावरून कळले पाहिजे. पुष्कळदा ते कळत नाही. याचे कारण काय आणि ते कसे दूर करता येते, एवढ्यापुरताच प्रस्तुत लेख आहे.

मराठीतून पत्र लिहिणाऱ्या संपादकापुढे एक अडचण भाषेचीच आहे. मराठीतील विध्यर्थी क्रियापद आज्ञा, कर्तव्य, योग्यता, इच्छा आणि शक्यता या सर्वांचा भार एकट्याने वाहते. ‘तक्ता तपासून पाहावा’, ‘अमुक ग्रंथ पाहावा’, ‘शेवटचा परिच्छेद गाळावा’ ही तिन्ही वाक्ये एकाच साच्याची आहेत. पहिल्यात संपादकाला ‘तपासलाच पाहिजे’ असे म्हणायचे असते, दुसऱ्यात ‘वेळ मिळाल्यास पाहा’ असे, आणि तिसऱ्यात ‘आम्हाला तो परिच्छेद आवडला नाही’ एवढेच. निबंधकाराला मात्र तीन ‘करावे’ दिसतात. (वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे, असे आम्ही लिहिणारच होतो, सवय इतकी जुनी आहे.) आदरार्थी वळण म्हणून हे रूप गोड आहे, पण निर्णयपत्रात ते टाळलेलेच बरे. ‘हे केल्याशिवाय निबंध स्वीकारता येणार नाही’ आणि ‘हे केल्यास निबंध अधिक वाचनीय होईल, न केल्यास निर्णयावर परिणाम होणार नाही’ अशी दोन स्पष्ट वाक्ये त्याच्या जागी हवीत.

हा प्रश्न आपल्याकडचाच नाही. बायोमेड सेंट्रल या प्रकाशनसंस्थेच्या वैद्यकीय नियतकालिकांनी काही काळ परीक्षकांना आपले अभिप्राय तीन शीर्षकांखाली लिहावयास सांगितले होते : मोठ्या सक्तीच्या दुरुस्त्या, लहान पण आवश्यक दुरुस्त्या आणि निबंधकाराच्या मर्जीवर सोडलेल्या दुरुस्त्या. २०११ मध्ये प्रतिकारशक्तीशास्त्राचे अभ्यासक हिड्डे प्लोख यांनी ‘नेचर’मध्ये एक सडेतोड टिपण लिहिले. निबंधाच्या मूळ निष्कर्षाला फारशी मदत न करणारे नवनवे प्रयोग परीक्षक मागतात आणि त्यांत तरुण संशोधकांचा वेळ व पैसा वाया जातो, अशी त्यांची तक्रार होती. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या ‘ईलाइफ’ने परीक्षकांना आपापसांत चर्चा करावयास लावून संपादकाने एकच एकत्रित पत्र पाठविण्याची पद्धत स्वीकारली, त्या पत्रात आवश्यक दुरुस्त्यांची यादी वेगळी असे. २०२३ पासून तर त्या नियतकालिकाने परीक्षणानंतर स्वीकार-नकाराचा निर्णय देणेच सोडले आहे. परीक्षणे प्रसिद्ध होतात आणि काय दुरुस्त करायचे ते निबंधकार ठरवितो. बहुतेक नियतकालिके मात्र अजून निर्णय देतात, आणि जो निर्णय देतो त्याला आपल्या अटी सांगाव्याच लागतात.

सूचना कशी निवडायची हे एका उदाहरणावरून पाहू. निबंध आणि त्यातील आकडे कल्पित आहेत. त्यात येणारे ग्रंथ खरे आहेत. समजा, कान्हेरी येथील दानविषयक शिलालेखांवर निबंध आला आहे. निबंधकार एका लहान गावातील महाविद्यालयात शिकवितात. त्यांनी ४८ शिलालेख मोजले. ३६ मध्ये दाता गृहस्थ आहे आणि १२ मध्ये भिक्खू वा भिक्खुणी. निष्कर्ष असा काढला आहे की, कान्हेरीचा विहार केवळ उपासक-उपासिकांच्या दानावर उभा राहिला.

पहिल्या परीक्षकाची पहिली सूचना अशी : ‘शिलालेखांची यादी पुन्हा तपासावी.’ संपादकाने विचारले तेव्हा कारण कळले. निबंधकारांनी बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांचा १८८१ चा संग्रह आणि ल्यूडर्स यांची १९१२ ची ब्राह्मी शिलालेखांची सूची असे दोन्ही ग्रंथ वापरले. दोहोंतील क्रमांक निराळे आहेत, त्यामुळे पाच शिलालेख दोनदा मोजले गेले. ल्यूडर्स यांनी प्रत्येक नोंदीखाली पूर्वीच्या प्रकाशनांचा निर्देश केलेला असल्याने ही चूक पडताळता येते. पाचही नोंदी गृहस्थांच्या असल्यास एकूण संख्या ४३ होते आणि गृहस्थांचे प्रमाण शेकडा ७५ वरून ७२ वर येते. निष्कर्ष यामुळे पडत नाही. तरीही दुरुस्ती अनिवार्यच आहे, कारण चुकीचा आकडा एकदा छापला की पुढचा अभ्यासक तोच उचलतो. मात्र ‘पुन्हा तपासावी’ एवढे लिहून भागणार नाही. कोणत्या पाच नोंदी, कोणत्या क्रमांकाच्या, आणि तक्त्यातील कोणते आकडे बदलतील हे पत्रात यावयास हवे.

दुसरी सूचना : ‘शोपेन यांचे लेखन पाहावे.’ ग्रेगरी शोपेन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात शिलालेखांच्या आधारे दाखविले की, दान देणाऱ्यांत भिक्खू आणि भिक्खुणी मोठ्या संख्येने होत्या. ही सूचना वरवर पाहता संदर्भ वाढविण्याची, म्हणून ऐच्छिक वाटते. परंतु तिच्या पोटात गंभीर आक्षेप आहे. निबंधकारांच्या स्वतःच्या तक्त्यातच ४३ पैकी १२ दाते, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक, भिक्खुसंघातील आहेत. ‘केवळ’ हा शब्द त्यांच्याच पुराव्यासमोर टिकत नाही. तेव्हा शोपेन यांचे नाव तळटीपेत घालणे ही अनिवार्य दुरुस्ती नव्हे. त्या १२ शिलालेखांचा हिशेब देणे ही होय. आपल्या मते परीक्षकाची सूचना आणि तिच्यामागील आक्षेप यांतील हे अंतर ओळखणे हेच संपादकाचे खरे काम आहे. ते न केल्यास निबंधकार संदर्भ जोडतो, निष्कर्ष तसाच ठेवतो, आणि आपण सूचना पाळली असे प्रामाणिकपणे समजतो.

येथे आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अनिवार्य दुरुस्ती सांगताना दोष सांगावा लागतो, पण उपाय एकच लादण्याचे कारण नसते. निबंधकार त्या १२ दात्यांचे वेगळे स्पष्टीकरण देऊ शकतात, किंवा ‘केवळ’ काढून ‘मुख्यतः’ लिहू शकतात. दावा लहान करणे हाही पूर्ण उपाय आहे. ज्या गावात मोठे ग्रंथालय नाही तेथील अभ्यासकाला हा दुसरा रस्ता मोकळा असल्याचे कळविणे म्हणजे त्याच्यावर उपकार नव्हे. शास्त्रीयदृष्ट्या तो रस्ता पहिल्याइतकाच योग्य आहे.

तिसरी सूचना : ‘सांची व भारहुत येथील दात्यांशी तुलना करावी.’ सूचना मोलाची आहे, पण निबंधाचे शीर्षक आणि दावा कान्हेरीपुरते आहेत. तुलना न केल्याने कान्हेरीविषयीचे कोणतेही विधान खोटे ठरत नाही. ही ऐच्छिक सूचना होय. खरे तर ती दुसऱ्या निबंधाची कल्पना आहे. हाच निबंध ‘प्राचीन भारतातील बौद्ध दानपरंपरा’ या शीर्षकाने आला असता तर तीच सूचना अनिवार्य झाली असती. म्हणजे सूचनेचे वजन तिच्या विद्वत्तेवर नसून निबंधाने काय म्हटले आहे त्यावर ठरते.

दुसऱ्या परीक्षकाने स्वतःच्या तीन निबंधांचा उल्लेख करण्यास सांगितले आहे. त्यांपैकी एखाद्याचा विषयाशी थेट संबंध असेल तर संपादक तो ऐच्छिक सूचनांत ठेवू शकतो. उरलेले पत्रातून गाळणे योग्य. निर्णय आपल्या हाती असताना आपल्याच नावाचा उल्लेख मागणे हे भिडेचे बंधन घालण्यासारखे आहे. शिवाय पहिला परीक्षक म्हणतो तक्ता अपुरा आहे, दुसरा म्हणतो तो अजिबात नको. दोन्ही अभिप्राय तसेच पुढे पाठविले तर निबंधकार कोणाही एकाचा अपराधी होणारच. अशा ठिकाणी संपादकाने आपला कौल द्यावयास हवा : ‘तक्ता राहू द्या, प्रत्येक शिलालेखाचा ल्यूडर्स-क्रमांक त्यात घाला.’ ‘भिक्षु’ की ‘भिक्खु’ यासारखे लेखनाचे प्रश्न या दोन्ही याद्यांत आणण्याची गरज नाही. ते मुद्रणप्रत तयार करताना सुटतात.

एवढे झाल्यावर पत्र फार मोठे राहत नाही. आरंभी संपादकाच्या शब्दांत तीन अनिवार्य मुद्दे : पाच दुहेरी नोंदी, १२ दात्यांचा प्रश्न, तक्त्यातील क्रमांक. त्यानंतर वेगळ्या शीर्षकाखाली ऐच्छिक सूचना, आणि त्यांतील कोणतीही न स्वीकारल्यास कारण देण्याची आवश्यकता नाही असे एक वाक्य. परीक्षकांचे मूळ अभिप्राय शेवटी जोडावयाचे, पण त्यांत आणि संपादकाच्या यादीत फरक असल्यास यादी प्रमाण मानली जाईल, हे कळवूनच.

एखादी सूचना कोणत्या यादीत घालावी याविषयी संशय असेल तेव्हा आम्ही स्वतःला एकच प्रश्न विचारतो : बाकी सर्व पूर्ण झाले आणि एवढेच राहिले, तर केवळ त्यासाठी हा निबंध आपण नाकारू काय? उत्तर ‘नाही’ असेल तर ती सूचना अनिवार्य नव्हती. ही कसोटी नंतरही लावता येते. सुधारित निबंध आला, अनिवार्य म्हटलेला एक मुद्दा निबंधकाराने तसाच ठेवला आणि संपादकांनी निबंध तरीही स्वीकारला, असे वारंवार घडत असल्यास समजावे की यादी भीतीपोटी वाढविली जात आहे.

पत्र नीट विभागले नव्हते याच्या खुणा निबंधकाराच्या उत्तरातही दिसतात. उत्तर निबंधाइतके लांब होते; स्वल्पविरामाच्या सूचनेलाही आभाराचा परिच्छेद मिळतो; निबंध दीडपट फुगतो आणि मूळ म्हणणे शोधावे लागते. कधी उत्तरच येत नाही. पहिलाच निबंध पाठविलेला अभ्यासक बावीस सूचना पाहून तो नाकारला गेला असे समजतो आणि हस्तलिखित कपाटात ठेवतो. संपादक मात्र महिनोन्महिने त्याची वाट पाहत असतात.

दुसऱ्या फेरीत संपादकाने अनिवार्य यादीच पडताळावयाची असते. पहिल्या वेळी न सुचलेल्या अपेक्षा या टप्प्यावर पुढे करणे अन्यायाचे आहे. सुधारणेतूनच नवा दोष उद्भवला असेल, किंवा आधी निसटलेली ढोबळ चूक आढळली असेल, तर गोष्ट वेगळी. आणि निबंधकाराने एखादा अनिवार्य मुद्दा अमान्य करून सकारण उत्तर दिले असेल, म्हणजे समजा त्या पाचांपैकी दोन नोंदी दुहेरी नसून एकाच कोरीव पाण्याच्या टाक्यावरील दोन स्वतंत्र शिलालेख आहेत असे ठशांसह दाखविले असेल, तर ते उत्तर परीक्षकाकडे पाठवून एकूण संख्या ४५ धरणे हे संपादकाचे काम आहे.