जोडाक्षरं फक्त इनडिझाइनमध्येच का तुटतात?

लेखकाने पाठवलेली कथा वर्डमध्ये स्वच्छ दिसते. ब्राउझरमध्ये, फोनवरही काही अडचण नसते. तोच मजकूर इनडिझाइनच्या पानावर आणला की 'विद्यार्थ्यांनी'तली अक्षरं सुटी होतात, मध्ये पाय मोडल्याच्या खुणा उभ्या राहतात आणि 'दिवशी'तली वेलांटी 'द'च्या आधी न येता नंतर येते. दिवाळी अंक, स्मरणिका किंवा पुस्तकांची पानं लावणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. दुरुस्ती सहसा दोन मिनिटांची असते. पण कारणाविषयी इतके गैरसमज आहेत की लोक आधी फॉन्ट काढून टाकतात, मग अख्खा प्रोग्राम पुन्हा बसवतात आणि शेवटी मजकुरालाच हात घालतात. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात नुकसानीची आहे.

गैरसमज: फॉन्ट बिघडला आहे

युनिकोडमध्ये 'क्ष', 'त्र', 'श्र' यांना स्वतंत्र जागा नाही. फाइलमध्ये साठतात ती 'क', हलन्त आणि 'ष' अशी तीन चिन्हं. त्यांच्या जागी एकच आकार दाखवायचा, हा नियम फॉन्टमध्ये लिहिलेला असतो. पण फॉन्ट आपणहून काही करत नाही. ते नियम वाचून अंमलात आणण्याचं काम प्रोग्रामला करावं लागतं, आणि प्रोग्रामच्या त्या भागाला शेपिंग इंजिन म्हणतात. अक्षरं जोडण्याबरोबर ते आणखी एक काम करतं. 'दिवशी' लिहिताना फाइलमध्ये आधी 'द' आणि मग ऱ्हस्व वेलांटी असते, पण डोळ्यांना वेलांटी आधी दिसायला हवी. ही अदलाबदलही शेपिंग इंजिनच करतं.

इनडिझाइनमध्ये हे काम होईल की नाही, ते परिच्छेदाच्या एका सेटिंगवर ठरतं. त्याला कंपोझर म्हणतात. कंपोझरचं सर्वांना माहीत असलेलं काम म्हणजे ओळ कुठे तोडायची आणि शब्दांमधली जागा किती ताणायची हे ठरवणं, त्यामुळे जोडाक्षर तुटलं की त्याच्यावर कोणाचाच संशय जात नाही. इंग्रजी मांडणीसाठी बसवलेल्या इनडिझाइनमध्ये सहसा `Adobe Paragraph Composer` निवडलेला असतो. तो रोमन लिपीसाठी चांगला आहे, पण देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हासाठी एकेक आकार आणून तो ओळीने मांडत जातो. जोडणी आणि अदलाबदल या दोन्ही गोष्टी त्याच्या कामातच नाहीत. देवनागरी, अरबी अशा लिप्यांसाठी त्याच प्रोग्राममध्ये `Adobe World-Ready Paragraph Composer` दिलेला आहे. म्हणजे फॉन्ट धड असतो आणि प्रोग्रामही धड असतो, फक्त त्या परिच्छेदाला चुकीचा कंपोझर लागलेला असतो.

कॅरेक्टर पॅनलमधलं `Ligatures` चालू केलं की जोडाक्षरं जुळतील, असंही सांगितलं जातं. ते सेटिंग रोमन लिपीतल्या 'एफ' आणि 'आय' यांच्यासारख्या जोड्यांसाठी आहे. देवनागरीची जोडाक्षरं ही ऐच्छिक सजावट नव्हे, लिपीची गरज आहे, आणि ती शेपिंग इंजिनच्या वाटेनेच येतात. चुकीचा कंपोझर तसाच ठेवून ते बटण कितीही वेळा दाबलं तरी उपयोग होत नाही.

गैरसमज: एकदा सेटिंग बदललं की सगळं पुस्तक सुधारतं

कंपोझर हा परिच्छेदाचा गुण आहे. कर्सर ज्या परिच्छेदात आहे किंवा जेवढे परिच्छेद निवडले आहेत, तेवढ्यांचाच तो बदलतो. म्हणून पहिलं पान सुधारतं, आणि दहाव्या पानावरची चौकट आणि फोटोखालच्या ओळी तुटलेल्याच राहतात. मग पुन्हा फॉन्टवर आळ येतो.

हा बदल परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये करावा. स्टाइल उघडून `Justification` या भागात गेलं की खाली `Composer` ची यादी असते. तिथे वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला की त्या स्टाइलचा सगळा मजकूर एकदम सुधारतो. `[Basic Paragraph]` मध्ये बदल केला तर तिच्यावर आधारलेल्या स्टाइलपर्यंतही तो पोचतो. मात्र वर्डमधून आलेली किंवा जुन्या फाइलमधून उचललेली स्टाइल स्वतःचा कंपोझर बरोबर घेऊन येऊ शकते, तेव्हा अशा स्टाइल एकेक करून तपासाव्या लागतात. एकही फाइल उघडी नसताना परिच्छेद पॅनलच्या मेनूतून हा कंपोझर निवडून ठेवला तर पुढच्या नव्या फाइल त्याच्यासहच सुरू होतात. मराठीचं काम रोज करणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करून ठेवावं. त्याच वेळी स्टाइलमध्ये भाषा म्हणून मराठीही निवडावी, कारण शब्द ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा आणि शुद्धलेखन कोणत्या भाषेनुसार तपासायचं हे त्यावर ठरतं.

गैरसमज: वर्डमध्ये दिसतं, म्हणजे फॉन्टमध्ये ते अक्षर आहे

हा गैरसमज जास्त खोल आहे, आणि माझ्या मते जाणकारही सगळ्यात जास्त इथेच फसतात. वर्ड रोमन मजकुराचा फॉन्ट आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा फॉन्ट वेगवेगळे लक्षात ठेवतं. पूर्ण मजकुराला कॅलिब्री लावला तरी मराठी अक्षरं मंगल किंवा निर्मला यूआयमध्येच राहू शकतात. त्याशिवाय निवडलेल्या फॉन्टमध्ये एखादं अक्षर नसेल तर वर्ड आणि ब्राउझर ते दुसऱ्या फॉन्टमधून गुपचूप आणून दाखवतात. यालाच फॉन्ट फॉलबॅक म्हणतात. वाचणाऱ्याची त्याने सोय होते, पण फॉन्टमधली उणीव झाकली जाते. इनडिझाइन अशी परस्पर उसनवारी सहसा करत नाही. अक्षर नसेल तिथे ते रिकामी किंवा फुली मारलेली चौकट दाखवतं. छपाईच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण पानावर नकळत तिसराच फॉन्ट घुसलेला कोणत्याही संपादकाला चालणार नाही.

मराठीत याचा फटका नेमका कुठे बसतो ते एका वाक्यावर पाहू: 'दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांनी किल्ल्याची माहिती लिहिली.' समजा, कंपोझर बदलला आणि वाक्य सुधारलं. 'विद्यार्थ्यांनी' जुळलं, 'किल्ल्याची'ही जुळलं, वेलांट्या जागेवर आल्या. फक्त 'दुसऱ्या' तुटलेलं राहिलं. आता कंपोझरवर संशय घेण्यात अर्थ नाही, कारण तो चुकीचा असता तर वेलांट्याही चुकल्या असत्या. त्या एका शब्दात काय साठलेलं आहे ते बघायला हवं:

```
द      ु      स      ऱ      ्      य      ा
U+0926 U+0941 U+0938 U+0931 U+094D U+092F U+093E
```

चौथं चिन्ह आपला नेहमीचा 'र' नाही. तो `U+0930` असतो. इथे नुक्ता असलेला 'ऱ' आहे, आणि त्याच्यापुढे हलन्त आल्यावर 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला आडवा, पापणीसारखा रफार तयार होतो. मराठीला हा रोज लागतो, हिंदीला लागत नाही. म्हणून हिंदीपुरता विचार करून केलेल्या काही फॉन्टमध्ये हे चिन्ह नसतं.

असा फॉन्ट लावला की दोनपैकी एक गोष्ट होते. 'ऱ'च्या जागी चौकट येते, किंवा तेवढा 'ऱ' आधीच्या फॉन्टमध्येच राहून बाकीचा शब्द नव्या फॉन्टमध्ये जातो. `Advanced Type` मध्ये `Protect When Applying Fonts` अशी सोय आहे. फॉन्टमध्ये नसलेली अक्षरं त्या फॉन्टमध्ये जाऊ नयेत यासाठी ती केली आहे, आणि ती चालू असताना अशी फाटाफूट होऊ शकते. फॉन्टचे नियम त्या फॉन्टच्या आतच चालतात. 'ऱ' एका फॉन्टमध्ये आणि 'य' दुसऱ्यात असेल तर जगातलं कुठलंही शेपिंग इंजिन त्यांना जोडू शकत नाही.

हे ओळखणं सोपं आहे. तो शब्द निवडा आणि कॅरेक्टर पॅनलमध्ये फॉन्टचं नाव बघा. नावाची जागा रिकामी दिसली तर निवडलेल्या शब्दात एकाहून अधिक फॉन्ट आहेत. एकच अक्षर निवडून `Info` पॅनल उघडलं तर त्याचा युनिकोड क्रमांकही दिसतो. चौकटी शोधायला पूर्ण पुस्तक वाचत बसायची गरज नाही. प्रीफ्लाइटच्या प्रोफाइलमध्ये `Glyph Missing` चालू केलं की ज्या पानांवर अक्षर सापडलं नाही, त्यांची यादी मिळते. इथे खरा उपाय एकच आहे: ज्या फॉन्टमध्ये 'ऱ' आहे असा फॉन्ट घ्या.

तेच जोडाक्षर वर्ड, ब्राउझर आणि इनडिझाइन तिन्हीकडे एकाच फॉन्टमध्ये सारखंच सुटं दिसत असेल, तर मात्र हे प्रकरण सेटिंगचं नाही. त्या फॉन्टमध्ये जोडलेला आकार काढलेलाच नसेल, किंवा मजकुरात जोडणी रोखणारं अदृश्य चिन्ह `U+200C` आलेलं असेल.

गैरसमज: युनिकोड कच्चं आहे, जुने फॉन्टच बरे होते

श्रीलिपी, आकृती अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये अक्षरं कुठेच तुटत नसत, हे खरं आहे. त्यांच्यात अर्धी अक्षरं, काने, वेलांट्या इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेल्या असत, त्यामुळे प्रोग्रामच्या दृष्टीने तो इंग्रजी मजकूरच होता आणि शेपिंगची गरजच पडत नव्हती. पण तो फॉन्ट काढून घेतला की खाली निरर्थक रोमन अक्षरं उरतात. त्या फाइलमध्ये युनिकोडमधला मराठी शब्द शोधून सापडत नाही, आणि संकेतस्थळावर टाकायचा झाला तर मजकूर आधी रूपांतरित करावा लागतो. युनिकोडमध्ये जोडाक्षर पानावर तुटलेलं दिसलं तरी आतला मजकूर शाबूत असतो. खात्री करायची असेल तर ती तुटकी ओळ कॉपी करून ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत टाका. तिथे ती जुळलेली दिसली तर मजकुरात काहीही बिघाड नाही.

गैरसमज: मजकूरच थोडा बदलून घेतला की काम भागतं

छपाईची घाई असली की वेलांटी हाताने अक्षराच्या आधी नेली जाते, 'ऱ्या'च्या जागी 'र्या' टंकलं जातं किंवा तुटलेला शब्द रेखाचित्र करून चिकटवला जातो. पहिल्या प्रकारात वेलांटी चुकीच्या क्रमाने साठते आणि पुढे कंपोझर बरोबर लावला की आधी नीट दिसणारा तोच शब्द मोडतो. 'दुसर्या' असं छापलं की रफार 'य'च्या डोक्यावर जातो आणि शब्दच अशुद्ध होतो. चिकटवलेलं चित्र पुढच्या आवृत्तीत कोणालाही दुरुस्त करता येत नाही, आणि त्याच फाइलमधून ई-पुस्तक करायचं ठरलं तर ही तिन्ही दुखणी तिथपर्यंत पोचतात.

म्हणून पानं लावणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगणं आहे: तुटलेलं अक्षर दिसलं की आधी वेलांट्या बघा. त्या चुकल्या असतील तर कंपोझर बदला. त्या बरोबर असून एखादाच शब्द तुटला असेल तर त्या शब्दातले फॉन्ट तपासा. पुस्तकासाठी नवा फॉन्ट निवडण्याआधी त्यात 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'ॲड' आणि 'बाळ' हे शब्द इनडिझाइनमध्येच लिहून बघा. आणि लेखकाने पाठवलेल्या मजकुरातलं एकही अक्षर केवळ दिसण्यासाठी बदलू नका.