अलिबागच्या नोंदी वापरल्या, तर आभार कुणाचे?

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेचं काम १९०४ मध्ये अलिबागला हललं. तिथल्या नोंदी आजही शोधनिबंधांत वापरल्या जातात. त्या ‘इंटरमॅग्नेट’मधून घेतल्या, तर वेधशाळा चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि इंटरमॅग्नेट या दोघांचा उल्लेख आभारात अपेक्षित असतो.

नुसत्या नोंदी पुरवणारी व्यक्ती सहलेखक ठरत नाही. तिचं नाव आभारातच येतं, तेही तिला विचारून. कारण नाव दिसलं की तिला निष्कर्ष मान्य आहेत, असं वाचक धरून चालतो.

पैशांची गोष्ट वेगळी. निधी देणाऱ्या संस्थेचं पूर्ण नाव, अनुदान क्रमांक आणि अभ्यासात तिचा हात किती, हे बहुतेक जर्नल विचारतात. निधी नसेल, तर तसंही लिहायचं. जागा कोरी सोडायची नाही.