रात्रीचं ताट का बदलतंय

आई, अहो आणि मुलांनो,

सोमवारपासून रात्रीचं जेवण वेगळं दिसेल. 'आज भात इतकाच का?' असं ताटावर बसून विचारण्याआधी कारण समजावं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

माझ्या तपासणीत एचबीएवनसी ६.१ आलं. रक्तातल्या लाल पेशींना किती साखर चिकटली आहे, त्यावरून गेल्या साधारण तीन महिन्यांचा अंदाज या तपासणीतून येतो. ५.७च्या खाली असलं तर ठीक, ६.५पासून पुढे मधुमेह. मी मधल्या पट्ट्यात आहे. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी माझं दिवसभराचं खाणं लिहून घेतलं. सकाळची न्याहारी आणि डबा ठीक निघाला, अडचण रात्रीच्या ताटात होती.

ते ताट तुम्हाला ठाऊक आहे: तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, दीड वाटी भात, वर पातळ वरण. एका पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं, शिजलेल्या भाताच्या वाटीत २८ आणि बटाट्याची वेगळी. बेरीज १२०च्या वर जाते. याच कर्बोदकांची पुढे रक्तात साखर होते. प्रथिनं मात्र थोडी. पाच जणांच्या वरणाला आपण अर्धी वाटी तूरडाळ लावतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला डाळीतून जेमतेम तीन ग्रॅम. त्यात मी ऑफिसातून येऊन, स्वयंपाक उरकून दहाला जेवते आणि लगेच झोपते. रात्री उशिरा शरीर साखर तितक्या चपळाईने हाताळत नाही, त्यामुळे तेच जेवण दुपारपेक्षा रात्री जास्त जड जातं.

आता माझं अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, पाव भाग उसळ, घट्ट डाळ, अंडी किंवा मासे, आणि उरलेल्या पावात पोळी नाहीतर भात, दोन्ही नाही. उदाहरणार्थ मंगळवारी दोन पोळ्या, वाटीभर मटकीची उसळ, दुधी आणि काकडीची कोशिंबीर. यात कर्बोदकं ६५च्या आसपास, म्हणजे जवळपास निम्मी. कोशिंबीर आणि उसळ आधी खाईन, पोळी नंतर. या क्रमाने साखर हळू चढते. गुरुवारची मुगाची खिचडी राहीलच, फक्त दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ असायची, ती आता समसमान होईल आणि त्यात गाजर, फरसबी भरपूर पडेल. भाकरीबद्दल एक सांगते. ज्वारीची आहे म्हणून हव्या तितक्या चालतील असं नाही. आपल्याकडची एक भाकरी पिठाच्या हिशेबाने दोन पोळ्यांएवढी असते, म्हणून मला एकच.

आई, हे प्रमाण तुमच्यासाठी नाही, आणि या चिठ्ठीतली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. तुमची मधुमेहाची गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. गोळी तेवढीच ठेवून पोळी-भात अचानक कमी केला, तर साखर फार खाली जाऊ शकते. घाम सुटला, हात थरथरले, एकदम भूक लागून घाबरल्यासारखं झालं, तर आधी पाण्यात तीन चमचे साखर घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी यंत्रावर साखर बघायची आणि मला फोन करायचा. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत तुमचा भात आहे तेवढाच राहील.

मुलांनो, तुम्ही वाढत्या वयाचे आहात. तुमची पोळी, भात, तूप काहीही कमी होणार नाही. उसळ मात्र दोघांच्याही ताटात येईल. अहो, तुम्हाला हवं तर माझ्यासारखं वाढून घ्या, आग्रह नाही.

हे फसतं कुठे, तेही आहारतज्ज्ञांनी सांगितलं. पोळी कमी केली, पण उसळ-भाजी वाढवली नाही, तर साडेदहाला पुन्हा भूक लागते आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. तसं झालं तर मी उसळ वाढवीन. संध्याकाळी गाडीत मूठभर फुटाणे खाईन, म्हणजे घरी येताच पोळ्यांवर तुटून पडणार नाही. आठवड्यातून दोनदा जेवायला बसल्यापासून दोन तासांनी आईंच्या यंत्रावर साखर बघेन. १४०च्या आत हवी. एचबीएवनसी मात्र तीन महिन्यांनीच करायची, कारण जुन्या लाल पेशी जाऊन नव्या यायला तेवढा वेळ लागतो. तेव्हा हिमोग्लोबिन आणि लोहही तपासणार आहे. लोह कमी असेल तर हा आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो.

साडेआठला जेवायचं तर माझ्या एकटीच्या हाताने होणार नाही. मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजवणं आणि रात्री निथळून फडक्यात बांधणं थोरल्याकडे. कोशिंबीर धाकटी चिरेल. आठच्या आत कुकर अहोंनी लावायचा, डाळ आता पूर्ण वाटी.