टॉवेलचा आंबट वास: धुऊनही का जात नाही?

कपाटातून काढलेला टॉवेल नाकाशी धरला तर काहीच वास येत नाही. अंग पुसलं, टॉवेल ओला झाला, की तोच आंबट, कुबट वास पुन्हा येतो. म्हणजे टॉवेल नीट धुतला गेला नाही, आता पावडर जास्त घालायची, असं बहुतेकांना वाटतं. पावसाळ्यात तर हमखास.

वस्तुस्थिती वेगळी आहे. या वासामागे मुख्यतः जिवाणू असतात. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी धुतलेल्या कपड्यांच्या अशा वासामागचा एक जिवाणू ओळखला: मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. अंगावरून टॉवेलला लागलेलं तेल आणि मृत त्वचा हे अशा जिवाणूंचं खाद्य. त्यातून उग्र वासाचं आम्ल तयार होतं. गार पाण्याच्या धुण्यात मळ निघतो, पण जाड टॉवेलच्या धाग्यांत शिरलेले सगळे जिवाणू मरत नाहीत. टॉवेल ओला राहिला की उरलेले पुन्हा वाढतात.

जास्त पावडरीने उलट बिघडतं. न खळबळलेला साबण धाग्यांवर बसतो, बोअरच्या जड पाण्यात तर लवकर. सॉफ्टनरचाही थर बसतो, आणि टॉवेल पाणी कमी शोषतो. थर आहे का हे पाहायचं असेल तर धुतलेला टॉवेल नुसत्या गरम पाण्यात चोळावा. फेस आला किंवा पाणी दुधाळ झालं, तर आहे.

‘कडक ऊन दाखवलं की झालं’ हा समज अर्धाच खरा. हा जिवाणू कोरडेपणा आणि अतिनील किरण दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. उन्हाचा खरा फायदा टॉवेल लवकर वाळण्याचा.

उपाय ऑक्सिजन ब्लीचचा, म्हणजे सोडियम परकार्बोनेटचा. दोन टॉवेलना प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर साधं पाणी घ्या, त्यात पाच लिटर उकळतं पाणी जपून ओता. मिश्रण साधारण ६० अंशांवर येतं. हातमोजे घालून चार-पाच मोठे चमचे पावडर विरघळवा, टॉवेल बुडवून तास-दोन तास ठेवा. बादलीवर घट्ट झाकण नको, आत वायू तयार होतो. मग नेहमीसारखे धुवा, पावडर निम्मी, सॉफ्टनर नाही, आणि एकदा जास्त खळबळा. रंगीत टॉवेलचा कोपरा आधी तपासा. व्हिनेगर जड पाण्याचा थर सोडवायला चालतं, पण क्लोरीन ब्लीचबरोबर कधीही नको, विषारी वायू निघतो.

एवढं करूनही आठवड्याभरात वास परतला, तर धुण्याकडे नाही, वाळण्याकडे पाहा. न्हाणीघरातल्या खुंटीवर घडी पडून लोंबणारा जाड टॉवेल दुसऱ्या दिवशीच्या अंघोळीपर्यंत ओलसरच राहतो. दांडीवर पूर्ण पसरा, नाहीतर पंख्याखाली टाका. तेही जमत नसेल, तर पावसाळ्याचे चार महिने पातळ सुती पंचा बरा.