आरोग्यपत्रकाचे मूल्यमापन
आरोग्यपत्रकाचे मूल्यमापन : सर्वसामान्य वाचकांसाठी छापलेले आरोग्यविषयक माहितीपत्रक अचूक, वाचनीय, वाचकवर्गास अनुरूप आणि कृतीच्या दृष्टीने स्पष्ट आहे की नाही, हे तपासण्याची पद्धती. रत्नागिरी जिल्ह्यासह कोकणात आढळणाऱ्या तांबड्या विंचवाच्या दंशावरील पत्रकाच्या उदाहरणाने ती स्पष्ट होते.

नमुन्यादाखल एक वाक्य घेऊ : ‘दंशानंतर तीव्र वेदना असल्यास त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा.’ वरवर निर्दोष वाटणारे हे वाक्य अचूकतेच्या कसोटीवर टिकत नाही. असह्य वेदना असूनही विष शरीरभर पसरलेले नसते, असे पुष्कळदा घडते. उलट गंभीर विषबाधेत वेदना सौम्य असू शकतात. भरपूर घाम, ओकाऱ्या आणि गार पडलेले हातपाय ही खरी धोक्याची लक्षणे होत. अशा रुग्णाच्या, विशेषतः लहान मुलाच्या, फुप्फुसांत काही तासांत पाणी साचू शकते. पत्रकावरील शेवटच्या तपासणीचे वर्षही पाहावे लागते. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० नंतरच्या दशकात प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरात आणले. त्यापूर्वीच्या मजकुरात त्याचा उल्लेख नसणार.

वाचनीयतेसाठी इंग्रजीतील अवयवमोजणीची सूत्रे मराठीस जशीच्या तशी लागू पडत नाहीत, कारण मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडून शब्द लांबतो, तरी तो कठीण होतोच असे नाही. त्याऐवजी विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेली गाळलेल्या शब्दांची चाचणी उपयोगी पडते. उताऱ्यातील दर पाचवा शब्द गाळून वाचकांना तो भरावयास सांगतात. ज्या वाक्यातील जागा बहुतेकांना भरता येत नाहीत, ते वाक्य पुन्हा लिहावे लागते.

अनुरूपता केवळ भाषेची नसते. पत्रकावर मोठ्या काळ्या विंचवाचे चित्र असेल, तर आकाराने लहान पण अधिक विषारी असलेला तांबडा विंचू वाचकास निरुपद्रवी वाटण्याचा संभव असतो. जांभ्या दगडांचा ढीग, भाताचे भारे, अंधारातील अनवाणी चालणे हे वाचकाच्या परिचयाचे प्रसंग चित्रात हवेत.

कृतीची स्पष्टता ही शेवटची कसोटी होय. ‘वैद्यकीय सल्ला घ्यावा’ यातून कोणी, केव्हा व कोठे जावे हे कळत नाही. सुधारित वाक्य असे होईल : ‘विंचू चावल्यास, वेदना कमी असल्या तरी, लगेच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. घाम किंवा ओकारी सुरू झाल्यास वाहनासाठी १०८ क्रमांक फिरवा. जखम कापू नका. उतारा करण्यात वेळ घालवू नका.’ औषधाची मात्रा मात्र येथे देऊ नये. ती ठरविणे डॉक्टरांचे काम आहे.

छपाईपूर्वी काही वाचकांना पत्रक वाचावयास देऊन, ते मिटल्यावर ‘रात्री मुलाला विंचू चावला, तर प्रथम काय कराल?’ असे विचारतात. उत्तर चुकल्यास दोष वाचकाचा न मानता मजकूर बदलतात. या चाचणीस एक मर्यादा आहे : तिच्यामुळे आकलन कळते, प्रत्यक्ष आचरण कळत नाही. त्यासाठी पत्रक वाटल्यानंतर दंश झालेले रुग्ण किती वेळाने रुग्णालयात पोहोचतात, याची पूर्वीच्या नोंदींशी तुलना करावी लागते.