‘आले’ म्हणजे नेमके काय?

शब्दकोड्यात आडव्या शब्दांखाली नुसते ‘आले’ एवढेच दिलेले असते आणि घरे तीन. स्वयंपाकघरात डोके असेल तर ‘अद्रक’ सुचते, दारात असेल तर ‘पोचले’. दोन्ही तीन-तीन घरांचे, कारण मराठी कोड्यात जोडाक्षरालाही एकच घर. अर्थ दोन्हीकडे बरोबर आहे, मग निर्णय कशाने करायचा? संकेत नाम आहे की क्रियापद, यावर.

कोड्याचा अलिखित करार असा, की संकेत जिथे बसतो तिथे उत्तरही बसले पाहिजे. म्हणून उत्तर सुचले की ते वाक्यात घालून पाहावे. ‘पाहुणे आले’ हे ‘पाहुणे पोचले’ होते आणि काळ, वचन काहीच बिघडत नाही. ‘चहात आले घाल’ याचे ‘चहात अद्रक घाल’ होते. पण पहिल्या वाक्यात अद्रक किंवा दुसऱ्यात पोचले घालून पाहा. तिसऱ्या घरातून जाणारा उभा शब्द ‘ले’ देतो की ‘क’, एवढेच मग पाहायचे उरते.

मराठीत हा घोळ जास्त होतो, कारण आपला एकेरी आज्ञार्थ आणि नाम कितीदा तरी सारखेच दिसतात: खेळ, नाच, चाल, मार. ‘बोल’ हा संकेत घ्या, घरे दोन. नाम धरले तर ‘शब्द’, कारण ‘त्याचे बोल लागले’ म्हणजे ‘त्याचे शब्द लागले’. आज्ञा धरली तर ‘वद’. समजा, दुसऱ्या घरापासूनच एक उभा शब्द सुरू होतो, संकेत ‘पाषाण’, घरे तीन. खडक, कातळ, दगड, तिन्ही चालतात. पण आडवे उत्तर ‘शब्द’ असेल तर उभा शब्द ‘ब्द’ने सुरू व्हायला हवा आणि तसा शब्द मराठीत सापडायचा नाही. म्हणजे ‘वद’ आणि खाली ‘दगड’. कोडे रचणारा दयाळू असेल तर तो ‘बोल, सांग’ अशी जोडी देतो. त्यातले ‘सांग’ हे नाम नाही, तेव्हा प्रश्नच मिटतो.

न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये 1913 साली आर्थर विन यांचे कोडे छापून आले, तिथून हा छंद जगभर पसरला. इंग्रजी कोडी सोडवणारे संकेत अनेकवचनी दिसला की उत्तर माहीत नसतानाही शेवटच्या घरात पेन्सिलीने ‘एस’ टिपून ठेवतात. मराठीत तशी सोय आहे ती ‘णे’ची. ‘फेकणे’ असा संकेत असेल तर शेवटच्या घरात ‘णे’ लिहून टाकायला हरकत नाही. पण ‘देणे’ असेल तर जरा थांबावे. ‘त्याचे देणे फिटले’ यातले देणे म्हणजे कर्ज किंवा ऋण, आणि तिथे ‘णे’ कुठे आहे? लेणे, खेळणे, मागणे यांचेही तेच.

अनेकवचनाबाबत मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. ‘झाडे’ या संकेताला ‘वृक्ष’ हे उत्तर आले की अनेकजण कोडे चुकले म्हणतात. ते चुकलेले नसते. वृक्ष पुल्लिंगी आहे आणि ‘एक वृक्ष, दहा वृक्ष’ असाच चालतो. लिंग बदलले म्हणूनही बिघडत नाही, नामाला नाम मिळाले की पुरे. उलट ‘फुले’ला ‘पुष्प’ हे उत्तर ही रचणाऱ्याची सरळ चूक. तिथे पुष्पेच हवे. विशेषणाला मात्र लिंगाचीही सूट नाही: ‘काळी’ला ‘सावळी’ चालेल, ‘सावळा’ नाही. आणि ‘शूर’ला ‘शौर्य’ देणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. अशी उत्तरे छापून येतात, हे दुर्दैव.

वर्णनाचा संकेत असला की लोक त्याचे शेवटचे अक्षर वाचतच नाहीत, आणि खरी मदत तिथेच असते. ‘यात पाणी साठवतात’, घरे दोन, एवढेच दिले तर हंडा, माठ, पिंप यांत डोके खाजवत बसावे लागते. ‘यात पाणी साठवतात ते’ म्हटले की हंडा आणि माठ बाद झाले, पिंप उरले. ‘तो’ असता तर पिंप गेले असते, पण हंडा की माठ हे उभ्या शब्दालाच विचारावे लागले असते.