बेंबीपाशी टेकलेलं बोट

सकाळचे सव्वासात. गणवेश चढवलेला, दप्तर भरलेलं, रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवताहेत आणि नऊ वर्षांची मुलगी पोट धरून पलंगावर आडवी पडलेली. अंगाला हात लावला तर ताप नाही. उलटी नाही, जुलाब नाहीत. आई ओव्याची चिमूट देते, आजी हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावते. नऊ वाजेपर्यंत मुलगी उठून बसते, डोसा मागते आणि दुपारी शेजारच्या मुलांबरोबर लंगडी खेळते. आठवड्यात दोनदा असं झालं, महिनाभर चाललं, की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, नाटक आहे. दुसरा म्हणतो, पोटात काहीतरी मोठं आहे.

बहुतेक वेळा दोघांचंही चुकलेलं असतं.

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात हे चित्र इतकं नेहमीचं आहे की या मुलीला एक नाव देऊन तिच्याबरोबर पुढे जाऊ. तिला सई म्हणू. अशा मुलांची पहिली पद्धतशीर मोजणी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात झाली. तिथले बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी नोरा नेश यांच्याबरोबर 1,000 शाळकरी मुलांची पाहणी केली आणि 1958 साली ती प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीनदा, आणि खेळ किंवा शाळा बंद पडण्याइतकं पोट दुखणारी मुलं त्यांनी मोजली, तेव्हा साधारण दहांतलं एक मूल त्यात बसलं. ॲप्ली यांच्या नावाने एक साधा ठोकताळा आजही डॉक्टरांना शिकवतात: दुखरी जागा बेंबीपासून जितकी लांब, तितकी शरीरातला ठोस आजार सापडण्याची शक्यता जास्त.

म्हणून डॉक्टर सईला विचारतात, “कुठे दुखतं ते एका बोटाने दाखव.” सईचं बोट बेंबीवर टेकतं. मग दुसरा प्रश्न येतो, ज्याने आई थोडी चकित होते. “ताई, ही शी रोज करते का? शेवटची कधी केली, कशी होती?”

“करत असेल की. आता मोठी झाली, मी काही बघायला जात नाही.”

इथेच गोम असते. पाच-सहा वर्षांनंतर मुलांच्या संडासाकडे घरातलं कुणी पाहत नाही आणि बद्धकोष्ठता महिनोन्‌महिने लपून राहते. सईला खोदून विचारल्यावर कळतं, की ती शाळेत कधीच संडासला जात नाही. तिथे कडी लागत नाही आणि पाणीही नसतं. सकाळी घरी वेळ नसतो. शाळा सुटून घरी येईस्तोवर कळ निघून गेलेली असते. आईला आठवतं ते इतकंच: दोन-तीन दिवसांनी एकदा ती बराच वेळ आत बसते, आणि एकदा तिने केलेली शी इतकी जाड होती की बादलीभर पाणी ओतूनही गेली नाही.

आतमध्ये काय घडतं? मोठ्या आतड्याचं एक काम म्हणजे मळातलं पाणी शोषून घेणं. मळ जितका जास्त वेळ आत राहील, तितका तो कोरडा आणि टणक होतो. टणक शी होताना दुखतं, कधी चीर पडते, आणि जे दुखतं ते मूल पुढच्या वेळी आणखी टाळतं. टाचा उंचावून उभं राहणं, पायात पाय अडकवणं, कोपऱ्यात जाऊन अंग ताठ करणं हे पाहून मूल जोर लावतंय असं मोठ्यांना वाटतं. खरं तर ते शी आत धरून ठेवत असतं. मळ साचत गेला की गुदाशय ताणला जातो, आणि सतत ताणलेल्या गुदाशयाला कळ येणंच कमी होतं. मागे तुंबलेलं आतडं मधूनमधून जोरात आवळतं. ती कळ बेंबीभोवती जाणवते, आणि खाल्ल्यानंतर जास्त, कारण पोटात अन्न पडताच मोठं आतडं आपोआप हलू लागतं. सकाळचं दूध प्यायल्यावर सईचं पोट का दुखायचं, त्याचं उत्तर शाळेच्या भीतीइतकंच या हालचालीत आहे.

यातला सर्वांत फसवा प्रकार चड्डी खराब होण्याचा. टणक गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि घरचे जुलाब समजून जुलाब बंद करणारं औषध देतात. मूल मात्र मुद्दाम करत नसतं. त्याला ते कळतही नाही. त्याबद्दल त्याला ओरडणं हा अन्यायच आहे.

शी कशी होते हे सांगताना मुलं लाजतात, म्हणून डॉक्टर चित्रांचा तक्ता दाखवतात. योगायोगाने तोही ब्रिस्टलचाच, 1997 सालचा. त्यात सात चित्रं आहेत. सई पहिल्या चित्रावर बोट ठेवते: लेंड्यांसारखे सुटे कडक गोळे. डॉक्टर पोट तपासतात, तेव्हा डाव्या बाजूला खाली तो गोळा हातालाही लागतो.

उपचारात लोक चुकतात ते इथे. पालेभाजी, पेरू, पपई, भाकरी, भरपूर पाणी हे सगळं हवंच, दिवसाला तीन-चार पेले दूध आणि बिस्किटांवर भागवणं कमी करायला हवं. पण आधीच तुंबलेला टणक मळ नुसत्या पेरूने हलत नाही. आधी पाणी धरून ठेवणारी पावडर किंवा लॅक्ट्युलोजसारखं औषध, वजनाप्रमाणे डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत देऊन आतडं मोकळं करावं लागतं. मग तेच औषध कमी मात्रेत निदान दोन महिने, अनेकदा जास्त, चालू ठेवतात. ताणलेला गुदाशय मूळ आकाराला यायला तेवढा वेळ लागतो. ‘सवय लागेल’ या भीतीने आठवड्यात औषध थांबवलं की दुखणं परत येतं. या औषधांनी आतडं आळशी होत नाही, हे आजी-आजोबांना आवर्जून सांगायला हवं.

औषधाइतकीच महत्त्वाची दहा मिनिटं. जेवणानंतर अर्ध्या तासात, रोज ठरल्या वेळी, सईने संडासात बसायचं. कळ आली असो वा नसो. कमोड असेल तर पायांखाली पाट किंवा स्टूल, म्हणजे गुडघे वर येतात आणि उकिडवं बसल्यासारखा मार्ग सरळ होतो. हातात मोबाइल नाही. शाळेत वर्गशिक्षिकेला सांगून कडी लागणाऱ्या संडासाची सोय. आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर दोन खुणा: शी झाली त्या दिवशी एक, पोट दुखलं त्या दिवशी दुसरी. महिन्याने ते पान डॉक्टरांनी पाहिलं, की कितीतरी अंदाज बाजूला पडतात.

पण सगळ्याच मुलांचं पोट शी मोकळी झाल्यावर थांबत नाही. काहींची शी उत्तम, तपासण्या निर्दोष, वाढ छान, तरी बेंबीभोवती दुखतं. याला डॉक्टर कार्यात्मक पोटदुखी म्हणतात. आतड्यांतल्या नसा आणि मेंदू यांच्यातला संवाद जास्त हळवा झालेला असतो. जो वायू, जो ताण दुसऱ्या मुलाला जाणवतही नाही, तो या मुलाला दुखतो. परीक्षा, शाळेतली दमदाटी, घरातलं भांडण, अपुरी झोप यांनी ही हळवी अवस्था वाढते. दुखणं मात्र खरं असतं. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे तुला काही झालेलं नाही’ हे वाक्य अशा मुलाला खोटारडं ठरवतं.

मग जवळ घ्यायचं की दुर्लक्ष करायचं? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिन वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना भरपूर पाणी प्यायला देऊन पोट तट्ट केलं. काही पालकांना सांगितलं, मुलाच्या त्रासाबद्दल विचारत राहा. काहींना सांगितलं, मुलाचं लक्ष दुसरीकडे वळवा. विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, तर लक्ष वळवलेल्यांच्या जवळपास निम्म्यावर आल्या. म्हणून ‘दुखतंय हे मला माहीत आहे’ असं एकदा म्हणावं, पाठीवर हात फिरवावा आणि मग गप्पा दुसरीकडे न्याव्यात. शक्य तितकी शाळा चालू ठेवावी. दुखलं की दिवसभर टीव्ही, असा पायंडा पडला तर शाळेत परतणं दिवसेंदिवस अवघड होत जातं.

आपल्याकडे आणखी दोन गैरसमजांवर पैसा आणि काळजी खर्च होते. पहिला जंतांचा. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते, ती मुलाने घ्यावी. पण गोळी घेऊनही दुखत असेल तर दर महिन्याला नवं जंताचं औषध हे उत्तर नव्हे. दुसरा गैरसमज सोनोग्राफीतून सुरू होतो. अहवालात ‘पोटात गाठी’ असं वाचलं की घरात क्षयाची भीती शिरते. आतड्यांच्या पडद्यात लहान लिम्फ गाठी निरोगी मुलांच्याही दिसतात. वजन घटणं, लांबलेला ताप, भूक मरणं, पोट फुगणं यांची जोड नसताना केवळ लहान गाठी दिसल्या म्हणून क्षयाची औषधं सुरू करणं बरोबर नाही. या लक्षणांपैकी काही असेल, तर मात्र तपास पूर्ण व्हायलाच हवा.

ताप नाही म्हणजे काळजी नाही, असंही नाही. सईच्या वेळी डॉक्टरांनी पोटावर हात ठेवण्याआधी वजन-उंचीचा तक्ता मागितला होता. या वयात मूल वर्षाला दोन-तीन किलो आणि पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. वजन घटलं किंवा उंची अडकली तर पोटदुखी साधी मानता येत नाही. मूल दुखण्याने झोपेतून उठत असेल, शीत रक्त किंवा काळा डांबरासारखा मळ असेल, जुलाब आठवडेच्या आठवडे चालत असतील, उलट्या पुन्हापुन्हा होत असतील, गिळायला त्रास होत असेल, लघवीला जळजळ असेल, तोंड सतत येत असेल, सांधे सुजत असतील, गुदद्वाराजवळ गळू होत असेल, चेहरा फिका पडला असेल, किंवा बोट दर वेळी उजवीकडे खाली, कुशीत अथवा बरगडीखाली जात असेल, तर त्याच आठवड्यात दाखवावं. आतड्याची जुनी सूज, गव्हाने होणारा सीलिअ‍ॅक आजार, मूत्रपिंडातला अडथळा, क्षय हे अशा खुणांमागे असू शकतात.

आणि काही गोष्टी आठवड्यावर नव्हे, त्याच तासावर सोडायच्या असतात. हिरवी उलटी म्हणजे आतडं अडकल्याची किंवा पिळल्याची शंका. बेंबीशी सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकलेली आणि उडी मारली की कळ उठवणारी पोटदुखी म्हणजे अपेंडिक्सची शंका. सुरुवातीला ताप नसतोही. अशा वेळी पोट साफ व्हावं म्हणून एरंडेल पाजू नये. पोटदुखी आणि उलट्यांसोबत खूप तहान, वारंवार लघवी आणि धाप असेल तर रक्तातली साखर लगेच तपासावी, कारण मुलांचा मधुमेह अनेकदा याच वेशात पहिल्यांदा समोर येतो. मुलगा ओटीपोटात एकाएकी जोरात दुखतंय म्हणाला, तर त्याची चड्डी काढून पाहायला लाजू नये. वृषणाला पीळ पडला असेल तर ते वाचवायला हातात साधारण सहा तास असतात, आणि लाजेपोटी मुलगा फक्त ‘पोट दुखतं’ एवढंच सांगतो.

सईच्या कालनिर्णयवर पहिल्या महिन्यात पोटदुखीच्या सात खुणा होत्या. तिसऱ्या महिन्यात एक, तीही सहलीहून परतल्यावरची. औषध अजून चालू आहे, मात्रा निम्मी झाली आहे, आणि शाळेतल्या त्या संडासाला कडी बसली आहे.